कलेजीतला ताप

लोक मला तोंडाळ बोलतात. बोलू देत. बाजारात सुकट घेऊन बसणाऱ्या बाईने तोंड मिटलं तर गिऱ्हाईक काय वासावर येणार हाय? पण वेणूपायी मी जेवढी बोंब मारली तेवढी सगळी फुकट गेली. तेच सांगते, ऐका.

मी गुणाबाई. माझा एकच पोरगा, काशिराम. त्याचा बाप लवकर गेला. काशिराम पनवेलच्या खाडीवर मिठागरात काम करतो. पायाला मीठ खाऊन खाऊन भेगा पडल्यात, पण कुणाला उलट बोलणार नाय. माझ्यावर गेला नाय तो, बापावर गेलाय. त्याला मी बायको बघितली ती उरणकडची, मोऱ्याच्या बंदराजवळच्या गावातली. सोनाबाईची पोर, वेणू. सोनाबाईलाही नवरा नाय, मलाही नाय. दोघी विहिणी मिळून सुखाने पोरं वाढवू, असं माझ्या मनात.

वैशाखात लगीन झालं. आमच्या आगऱ्यांत लगीन भट लावत नाय, धवलारीण लावते. ती म्हातारी मांडवात बसून धवले गाते, ती सांगेल तेव्हा हळद, ती सांगेल तेव्हा तांदूळ. तिच्यापुढे माझीसुद्धा मान खाली. सगळं कसं साग्रसंगीत झालं. मांडवात मी मिरवत होते आणि आतल्या घरात काय शिजलेलं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

वेणू घरी आली आणि घराला आवाज आला. पोरगी अशी हसरी की भांडायला निमित्त मिळेना. आमच्यात सून सासूला आत्याबाई बोलते. ही मला "आत्याबाई" बोलायची आणि पाठ फिरली की माझी बाजारातली आरोळी माझ्याच आवाजात मारायची, "घ्या गं जवळाऽऽ!" शेजारच्या बाया पोट धरून हसायच्या. एकदा मी मागून जाऊन पकडली. बोलले, "मेल्ये, मी काय म्हशीसारखी रेकते का?" तर बोलते, "म्हशीला जरा गोड आवाज असतो, आत्याबाई." अशी ती. मला पोरगी नाय. ती कमी तिने दोन महिन्यांत भरून काढली.

श्रावणात कळलं, वेणूला दिवस गेलेत. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना साखर वाटली. काशिराम नुसता खाली मान घालून हसत होता. मला नातवंड पायजे होतं, खोटं कशाला बोलू. ह्या घरात रडणारं काहीतरी पायजे होतं, माझ्याशिवाय.

भादव्यात गौरी गेल्या आणि वेणूला ताप आला.

दुपारची वेळ. पोरगी भाकऱ्या थापत होती ती तशीच चुलीपुढे आडवी झाली. दात वाजायला लागले. पलंगावर निजवली, घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या, वर काशिरामचं घोंगडं टाकलं, तरी पलंग खडखडत होता. मग अंग असं तापलं की हात लाववेना. मग घाम, इतका की लुगडं पिळून काढलं. आणि दुसऱ्या दिवशी काय, पोरगी उठून अंगण झाडतेय! मी बोलले, नजर लागली असेल, गेली. मीठमिरच्या उतरवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, त्याच वेळेला, परत दात वाजायला लागले.

तेव्हा मी मीठमिरच्या चुलीत टाकल्या आणि तिला बैलगाडीत घालून पनवेलात डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाई चांगल्या. घाईच्या, पण चांगल्या. माझ्याकडून सोडे नेतात. त्यांनी वेणूच्या बोटाला सुई टोचली, काचेवर रक्ताचा ठिपका पसरला, आत गेल्या. आमी बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

"मलेरिया आहे," बाई बोलल्या. "एक दिवसाआड येणारा. वेणू, याआधी कधी असा ताप आला होता?"

वेणू माझ्याकडे बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघतेस? माझ्या घरात आल्यापासून कुठे आलाय?" मी बोलले.

"लग्नाआधी?" बाईंनी विचारलं.

पोरगी खाली बघून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागली. मग हळू आवाजात सांगितलंन.

लग्नाच्या आधी, चैत्रात, तिला असाच ताप आला होता. त्या गावात मलेरियाच्या खात्याचा माणूस यायचा, दिनानाथ नावाचा, सायकलवरून. दर पंधरवड्याला घरोघर विचारत फिरायचा, कुणाला ताप आहे का, कुणाला ताप आहे का. त्याने वेणूचं रक्त घेतलं आणि तिथंच चार गोळ्या खायला घातल्या. कडू जहर. ताप गेला. दुसऱ्या दिवशीपासून पोरगी ठणठणीत. दोन आठवड्यांनी दिनानाथ परत आला. बोलला, रक्तात मलेरिया निघालाय, आता दुसरं औषध घ्यायचं, पाच दिवस, रोज माझ्यासमोर. आणि तो आला कधी? हळदीच्या दिवशी!

"मांडवात सगळी माणसं बसलेली," वेणू बोलली. "धवलारीण गात होती. माझ्या अंगाला हळद लागलेली. आयेने त्याला बाहेरच अडवला. बोलली, वेणू घरात नाय, मुंबईला मामाकडे गेली. भाऊच्या धक्क्यावर उतरून पुढे कुठे राहते ते मला ठाऊक नाय. तो दुसऱ्या दिवशीही आला. परत तेच सांगितलंन. मग तो आला नाय."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मला काय माहीत, आत्याबाई? मी बरी होते. बऱ्या माणसाला गोळ्या कशाला, असं मलाही वाटलं."

मी बाईंना बोलले, "म्हंजे तो ताप आणि हा ताप एकच? असं कसं? पाच महिने झाले. मधे पोरगी घोड्यासारखी नाचत होती. आमच्याकडचाच डास चावला असेल नवा."

बाई बोलल्या, "नवा डास चावूही शकतो. पण तुमच्या वस्तीत फवारणी झाली आहे, या वर्षात तिकडून मलेरियाचा एकही रुग्ण माझ्याकडे आलेला नाही. मला हा जुनाच वाटतो." मग त्यांनी वेणूच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "इथे यकृत असतं."

"म्हंजे कलेजी?"

"हो, कलेजीच. डास चावला की त्याचे जंतू आधी इथे येतात. काही इथे वाढतात आणि रक्तात उतरतात, तेव्हा ताप येतो. पहिल्या चार गोळ्यांनी रक्तातले जंतू मेले, म्हणून ताप गेला. पण ह्या जातीच्या मलेरियात काही जंतू कलेजीतच दडून राहतात, झोपल्यासारखे. पहिल्या गोळीचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. माणूस बरा दिसतो, कामं करतो, लग्न करतो. आणि महिन्यांनी ते उठतात, रक्तात उतरतात, की परत ताप. त्यांना तिथल्या तिथे मारायला ते दुसरं औषध असतं. पहिलं आलेल्या तापासाठी, दुसरं पुढे येणाऱ्या तापासाठी."

मला राग आला. कसला म्हंजे, डोकंच फिरलं. पण उपाय हाय हे ऐकून जरा बरंही वाटलं. मी बोलले, "मग द्या की ते दुसरं. पाच दिवस काय, पंधरा दिवस मी तिला पाटावर बसवून गिळायला लावते."

बाईंनी वेणूच्या पोटाकडे बघितलं.

"आता देता येत नाही, गुणाबाई."

"का?"

"ते औषध काही माणसांचं रक्त फोडतं. सगळ्यांचं नाही, थोड्यांचं. लघवी काळी होते, माणूस पांढराफटक पडतो. मोठ्या माणसाचं तसं झालं तर दिसतं, गोळी थांबवता येते. पोटातल्या बाळाचं रक्त कसं आहे ते मला बाहेरून कसं कळणार? गोळी आईने घेतली की बाळालाही पोचते. गरोदर बाईला ते द्यायचं नाही. बाळ झाल्यावरही ते अंगावर पितंय तोवर मी देणार नाही."

"आणि चैत्रात घेतलं असतं तर?"

"तेव्हा पोटात कोणी नव्हतं," बाई बोलल्या.

बाकावर वेणू रडत होती. एवढीशी फट होती, हळदीपासून दिवस जाईपर्यंत. तेवढ्यात ते औषध बसत होतं. ती फट मिटली होती.

बाईंनी त्या तापावर पयल्या गोळ्या तीन दिवस दिल्या. त्या गरोदरपणात चालतात. ताप गेला. मग बोलल्या, "आता ह्याच गोळ्या आठवड्यातून एकदा, दोन-दोन, बाळंत होईपर्यंत. एकही चुकवायची नाही. कलेजीतले मरणार नाहीत, पण रक्तात उतरले की तिथे औषध हजर असेल, डोकं वर काढू देणार नाही. तिचं रक्त आत्ताच कमी झालंय. ह्या दिवसांत तिला आणखी ताप झेपायचा नाही. बाळाला तर नाहीच."

दुसऱ्या दिवशी मी टोपली घरी ठेवली आणि उरणची एसटी पकडली. सोनाबाईच्या दारात उभी राहून असा तोंडाचा पट्टा सोडला की गल्लीतली कुत्री गप झाली. "विहीणबाई, मुंबईला कुठला मामा हाय वेणूचा? मला दाखवा तरी! अहो, पोरीला औषध देत होते, विष देत नव्हते!"

सोनाबाईने आधी कानावर हात ठेवले. मग तीही पेटली. "मांडवात तुमची माणसं बसलेली. सरकारचा माणूस येणार, नवरीला रोज गोळी देणार, पाच दिवस. हळद लागलेल्या पोरीच्या तोंडात कडू घालणार! पोरगी रोगट हाय, असं सगळ्यांत झालं असतं. पयल्या तुमीच उठून गेला असता."

मी तशीच माघारी वळले. उठून गेले असते मी. मला माझा स्वभाव ठाऊक नाय का?

घरी आले आणि गोळ्यांचं माझ्या हातात घेतलं. सोमवार ठरवला. सोमवारी सकाळी वेणूला पुढ्यात बसवायची, न्याहारी द्यायची, दोन गोळ्या, वर गुळाचा खडा. ती तोंड वाकडं करायची. "आत्याबाई, तुमी घ्या एक, म्हंजे कळेल." मी बोलायची, "माझ्या तोंडाला कडू काय लागणार, सगळं तिथलंच हाय." ती हसायची, पण पयल्यासारखी नाय. अंग फिकं झालं होतं. नखं कागदासारखी. मी तिला कोलंबी खाऊ घातली, निवट्या घातल्या, माठाची भाजी घातली. आश्विन गेला, कार्तिक गेला, ताप नाय. पोट दिसायला लागलं. काशिराम मिठागरातून आला की आधी तिच्याकडे बघायचा, मग हातपाय धुवायचा. मी मनात बोलायची, देवा, एवढं पार पाड, मग बाळ दूध सोडेल तेव्हा ते दुसरं औषध घालू आणि सगळी कटकट संपवू.

मार्गशीर्ष सरत आला आणि सोनाबाई तिला न्यायला आली. पयलं बाळंतपण माहेरी. पौषात पोटुशी पोर हलवत नाय, म्हणून आत्ताच. मला पाठवायची नव्हती. सरळ सांगितलं, "ह्या वेळी राहू द्या इथंच, पनवेलात डॉक्टर जवळ हाय." तर सोनाबाई आणि तिच्याबरोबर आलेल्या दोन म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावायला लागल्या. बाप नाय पोरीला, आईने पयल्या बाळंतपणाला पण नेऊ नये? लोक काय बोलतील? आणि वेणूचं मनही आईकडे ओढत होतं. का नाय ओढणार? मी ओटी भरली.

निघताना गोळ्यांची पुडी सोनाबाईच्या हातात दिली. तिच्या हातावर माझा हात दाबून धरला. "दर सोमवारी दोन. ताप नसला तरी. विहीणबाई, ताप नसला तरी! कळलं?"

"कळलं ओ. मी काय वैरीण हाय का तिची?" सोनाबाई बोलली. पुडी कनवटीला लावलीन.

पौषात काशिराम एकदा जाऊन आला. बोलला, बरी हाय, गाल भरलेत, हसत होती. मी विचारलं, गोळ्या? तर बोलला, सासूबाईंना कसं विचारू? मी कपाळाला हात लावला. पण बरी हाय ऐकून मी पण बाजारात जरा मोकळ्या गळ्याने ओरडले त्या दिवशी. पोरगी बरी दिसते म्हटलं की सगळ्यांचीच अक्कल झोपते, माझी पण झोपली.

माघ संपता संपता मोऱ्याकडून निरोप आला. मासळीच्या ट्रकवाल्याने आणला. वेणूला ताप हाय, पाळीने येतोय, या.

आमी दोघं पोचलो तेव्हा दारात बाया खाली बघत उभ्या होत्या. मला कळलं. काशिरामला नाय कळलं, तो विचारत होता, "काय झालं? काय झालं?" आत वेणू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिसरी पाळी तापाची चालू असतानाच पोट दुखायला लागलं, दिवस भरायच्या आधीच. सुईणीने सोडवली. पोरगा होता. रडलाच नाय. सुईणीने पाय धरून उलटा केला, पाठीवर मारलं, थंड पाणी मारलं. नाय रडला.

कोपऱ्यात सुपात फडक्यात ठेवलेला. मी फडकं बाजूला केलं. एवढासा. सगळं होतं त्याला. नखं होती, भुवया होत्या, काशिरामसारखं कपाळ होतं. मी सुपापाशी बसून राहिले.

सोनाबाई माझ्या पायाशी येऊन बसली. मी तिला विचारलं, ओरडले नाय, नुसतं विचारलं. "गोळ्या?"

तिने कनवटीची पुडी सोडून माझ्यापुढे ठेवली. वेणूला नेली तेव्हा होती तेवढीच जाड. "ताप नव्हता हो," ती बोलली. "खरंच नव्हता. चांगली जेवत होती. उष्ण गोळ्या, पोटातल्याला बाधतील असं वाटलं. बऱ्या पोरीला रोज... दर आठवड्याला औषध कशाला, असं वाटलं."

दोनदा. दोन्ही वेळेला पोरगी बरी होती म्हणून. मला तिचा गळा धरायचा होता, देवाशपथ. पण तिच्याकडे बघितलं तर ती आधीच मेल्यासारखी दिसत होती. आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला तिची पोर बरी दिसली, म्हणून तिने तिला बरीच समजली. कलेजीच्या आत कुणाचा डोळा पोचतो?

काशिरामने पोराला तिथल्याच खाडीकाठी नेऊन पुरला. बरोबर कुणाला येऊ दिला नाय.

वेणूला आमी पनवेलला आणली, थेट डॉक्टरीणबाईंकडे. ती पांढरी पडली होती, ओठसुद्धा. बाईंनी परत बोटाला सुई टोचली. थेंब पिळून काढायला लागला. आत जाऊन आल्या आणि खुर्चीवर बसल्या, कधी नाय त्या.

"तोच आहे," बोलल्या. "आता पहिल्या गोळ्या तीन दिवस. आणि आजपासूनच दुसरं औषधही देते. पाच दिवस, जेवणावर, रोज एक. रक्त फार कमी आहे, म्हणून रोज इथे आणून दाखवायची. लघवीचा रंग बघायचा. चहासारखी काळी दिसली तर पुढची गोळी द्यायची नाही, तशीच धावत यायचं."

मी बोलले, "आता चालतं का ते?"

बाईंनी वेणूकडे बघितलं नाय. माझ्याकडे बघून बोलल्या, "आता चालतं. आता पोटात कोणी नाही. अंगावर पिणारंही कोणी नाही."

माझ्या तोंडाला शिव्या आल्या. कुणाला द्यायच्या ते कळेना, म्हणून गिळल्या. बाईंचा काय दोष होता? खरं तेच बोलल्या त्या. भादव्यातही खरं बोलल्या होत्या.

घरी आले. वेणूला मऊ भात घातला, चार घास गेले. मग गोळी हातावर ठेवली. चपटी, तपकिरी, एवढीशी. माझ्या बाजारातल्या जवळ्यासारखी हलकी. वेणूने ती बोटांत धरून खूप वेळ बघितली.

"हीच का ती, आत्याबाई?"

"हीच."

"दिनानाथ घेऊन आला होता ती?"

"होय गं."

ती बोलली, "मला वाटलं होतं मोठी असेल." तोंडात टाकलीन. पाण्याचा घोट घेतलान. तोंड वाकडं केलं नाय. मी सवयीने गुळाचा खडा पुढे केला होता, तो तिने घेतला नाय. मग तिने तळवा परत माझ्यापुढे धरला.

"बाकीच्या पण द्या. सगळ्या एकदम द्या. आता कुणाला जपायचंय?"

मी तिचा हात मिटला आणि माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला. "रोज एक," मी बोलले. तिची चोळी पुढून भिजलेली होती. पोर नाय हे दुधाला कोण सांगणार? ते येतच होतं. मी कोबीची पानं बांधली, घट्ट फडकं बांधलं. रोज एक गोळी पोटात जायची आणि रोज दोन चोळ्या मी दोरीवर वाळत घालायची. लघवी काळी झाली नाय. तिच्या रक्ताला ती गोळी व्यवस्थित मानवली.

पाचव्या दिवशी बाई बोलल्या, आता बहुतेक परत येणार नाही.

नाय आला. तो पावसाळा गेला, गौरी गेल्या, पुढचा माघ गेला. अंगात रक्त भरलं, गाल वर आले. शेजारच्या बाया सांगतात, गुणाबाई, सून कशी ठणठणीत झाली तुमची. झाली खरी. काम करते, विचारलं तेवढं बोलते. ती खाडी ही नव्हे, तरी काशिराम खाडीकडची वाट सोडून लांबच्या वाटेने मिठागरात जातो. सोनाबाई येत नाय, आणि वेणू माहेरचं नाव काढत नाय. मीच मधूनमधून तिच्यासाठी ओरडून बघते अंगणात, "घ्या गं जवळाऽऽ," मुद्दाम, म्हशीसारखं. ती ऐकते आणि आत निघून जाते.

पण ताप मात्र गेला तो गेलाच. फार चांगलं औषध हाय ते.